फळीवरच्या सतरा बाटल्या

गणपती विसर्जनानंतरच्या आठवड्यात माझ्या ठाण्याच्या नौपाड्यातल्या दवाखान्यात एकोणीस वर्षांची एक मुलगी आईबरोबर आली. तिला इथे गार्गी म्हणू. नाव बदललं आहे, पण हकिगत तिच्या आणि तिच्या आईच्या परवानगीने लिहिते आहे. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला, राहायला वर्तकनगरला. सप्टेंबरच्या उकाड्यात चेहऱ्याला ओढणी गुंडाळून आली होती आणि ती सोडताना कापडाचा स्पर्शही नको वाटत असल्यासारखी सोडत होती.

दोन्ही गाल लाल. नाकपुड्यांच्या आणि ओठांच्या कडेला पापुद्रे सुटलेले. कपाळ चकचकीत, प्लास्टिकचा कागद ताणून बसवल्यासारखं, आणि त्या चकाकीखाली बारीक बारीक पुळ्या.

"मॅडम, मुरुमांनी पार वाट लावली," ती म्हणाली.

आईने पायाशी ठेवलेली कापडी पिशवी उचलून टेबलावर ठेवली. "मुरुमांनी नाही, या सगळ्यानी. बघा तुम्हीच." मी फोनवर सांगितलं होतं की चेहऱ्याला लावता ते सगळं घेऊन या. सगळं म्हणजे सतरा बाटल्या, ट्यूब आणि डब्या निघाल्या. पंधरा मिनिटांच्या वेळेत एवढं वाचून होणार नव्हतं, म्हणून पुढच्या पेशंटला थोडं थांबवलं.

दोघी अर्ध्या अर्ध्या बरोबर होत्या. मुरुम होतेच, पण त्या दिवशी चेहऱ्यावर जे दिसत होतं त्यातलं बरंचसं मुरुम नव्हतं.

लाली कुठे आहे ते आधी बघायचं

मुरुमांची एक खूण असते. कातडीच्या छिद्रात तेल आणि मेलेल्या पेशी अडकून बूच बसतं. तोंड उघडं असेल तर काळा ठिपका दिसतो, बंद असेल तर पांढुरका दाणा. ही बुचं जिथे तेलग्रंथी जास्त तिथे, म्हणजे कपाळ, नाक, हनुवटी, कधी गालांवर. गार्गीच्या हनुवटीवर आणि कपाळावर ती होती. पण लाली सगळ्यात जास्त होती ती गालांच्या वरच्या भागात, डोळ्यांखालच्या हाडावर, आणि तिथे भिंगातून पाहूनही एक बूच सापडलं नाही. तिथे तिला कधीच मुरुम आले नव्हते. मात्र सीरमचे थेंब तळहातावर घेऊन चेहऱ्यावर दाबताना तळवा पहिल्यांदा नेमका तिथेच टेकतो. पुरळ मुरुमांच्या जागी नसून हात पडतो त्या जागी असेल, तर संशय बाटलीवर घ्यायचा.

दुसरी परीक्षा सोपी आहे, घरी कुणालाही करता येते. मी विचारलं, "साधं पाणी मारलं तर झोंबतं का?" हो. "साधं मॉइश्चरायझर?" त्यानेही आग होते, दहा मिनिटं. निरोगी कातडीला पाणी झोंबत नाही. झोंबायला लागलं की समजायचं, वरचा थर उघडा पडला आहे.

हा थर म्हणजे मेलेल्या, चपट्या पेशींची भिंत. पेशी विटांसारख्या, आणि विटांमधला गिलावा म्हणजे सेरामाइड, कोलेस्टेरॉल आणि फॅटी आम्ल असे स्निग्ध पदार्थ. आतलं पाणी बाहेर जाऊ न देणं आणि बाहेरचं आत येऊ न देणं एवढंच तिचं काम. ग्लायकॉलिक, सॅलिसिलिक यांसारखी आम्लं पेशींमधली पकड सैल करतात, फेसाळ फेसवॉश गिलावा धुऊन नेतो. एकेकटे, बेताने वापरले तर भिंत तेवढं सहन करते आणि रात्रीतून डागडुजीही करते. गार्गीच्या बाबतीत तोडणारे गवंडी रोज दोन पाळ्यांत येत होते.

आणखी दोन शक्यता तपासायच्या होत्या. एक म्हणजे अ‍ॅलर्जी. तिच्यात आगीपेक्षा खाज पुढे असते, पापण्या सुजतात आणि पुरळ लावलेल्या जागेच्या बाहेरही पसरतं. गार्गीला आग होती, खाज जवळपास नव्हती. दुसरी शक्यता आपल्याकडे विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही: मेडिकलमधून कुणाच्या तरी सांगण्यावरून आणलेली, स्टिरॉइड असलेली ट्यूब. ती लावली की दोन दिवसांत लाली जाते, चेहरा उजळल्यासारखा होतो, बंद केली की दुप्पट भडका, म्हणून पुन्हा लावायची. असे चेहरे मी आठवड्याला एक-दोन तरी बघते. आईला स्पष्ट विचारलं, गार्गीला वेगळं विचारलं. नव्हती. मग माझा जीव भांड्यात पडला, कारण तो गुंता सोडवायला महिनोन् महिने लागतात.

ऑर्डरींचा इतिहास

"कधीपासून?" या प्रश्नाचं उत्तर पेशंटला सहसा देता येत नाही. "बरेच दिवस झाले" एवढंच हाती लागतं. पण गार्गीच्या पिढीकडे दोन पुरावे असतात जे आमच्या पिढीकडे नव्हते. एक, शॉपिंगच्या अ‍ॅपमधली ऑर्डरींची यादी. दोन, तारीख असलेल्या सेल्फी. मी तिला दोन्ही उघडायला लावलं आणि कागदावर दोन रकाने आखले: डावीकडे कुठली बाटली कधी घरी आली, उजवीकडे त्या आठवड्यात चेहरा कसा होता.

जूनचा तिसरा आठवडा, कॉलेज सुरू. फोटोत हनुवटीवर चार-पाच पुळ्या, कपाळावर थोडे दाणे. खरं सांगायचं तर एकोणिसाव्या वर्षी, मुंबईच्या दमट हवेत, असा चेहरा अर्ध्या वर्गाचा असतो. पहिली खरेदी: दोन टक्के सॅलिसिलिक आम्लाचा फेसवॉश. निवड वाईट नव्हती. सहा दिवसांनी काहीच फरक नाही म्हणून दहा टक्के नायसिनामाइडचं सीरम. त्यानंतर आठ दिवसांनी दोन टक्के सॅलिसिलिकचं सीरम. जुलैच्या २४ तारखेला ग्लायकॉलिक आम्लाचा टोनर. तो आला त्या रात्रीपासून रोज, सकाळ-संध्याकाळ.

२९ जुलैच्या सेल्फीत गाल पहिल्यांदा लाल दिसतात.

इथे मी पेन थांबवलं. ती बराच वेळ त्या दोन रकान्यांकडे बघत राहिली. कारण १ ऑगस्टची खरेदी होती "कामिंग", म्हणजे शांत करणारं, असं लिहिलेलं, सुवासिक वनस्पती-अर्काचं सीरम. लाली दिसली, तिला तिने मुरुमांची सूज समजली आणि सूज उतरवायला नवी बाटली आणली. त्या बाटलीतल्या सुगंधाने आग वाढली. मग कोरफडीची जेल. कातडी सोलायला लागली तेव्हा ती "डेड स्किन" म्हणून घासून काढायला अक्रोडाच्या सालीचा स्क्रब. स्क्रबनंतर खरखरीत वाटलं म्हणून रेटिनॉल. डाग दिसले म्हणून व्हिटॅमिन सी. मधे स्वातंत्र्यदिनाच्या सेलमध्ये पाच वस्तू एकदम, त्यातल्या दोन "एकावर एक फुकट". गणपतीत पाहुणे येणार म्हणून आठवड्यातून एकदाच लावायचं लाल पील तिने चार दिवसांत दोनदा लावलं.

बेरीज केली. तेरा आठवड्यांत सतरा वस्तू, म्हणजे पाच-साडेपाच दिवसांना एक. पैसे आठ हजार दोनशेच्या आसपास. हा आकडा आईने शांतपणे ऐकला, मला वाटतं घरी बोलायचं ठरवून. पण मला महत्त्वाची वाटली ती दुसरी बेरीज. सतरांपैकी मूळ मुरुमांसाठी आणलेल्या तीन. सेलच्या मोहात आलेल्या पाच. उरलेल्या नऊमधली पहिली तो टोनर, आणि पुढच्या आठ त्याने आणि एकमेकींनी केलेलं निस्तरायला आणलेल्या.

मग बाटल्यांच्या मागची बारीक अक्षरं वाचली. सॅलिसिलिक आम्ल फेसवॉशमध्ये होतं, सीरममध्ये होतं, पीलमध्ये होतं आणि तिने "साधं" म्हणून आणलेल्या एका जेलमध्येही होतं. नायसिनामाइड पाच ठिकाणी. नाव, रंग, किंमत वेगळी, आत तेच. तिला वाटत होतं आपण सतरा उपाय करतोय. प्रत्यक्षात ती तीन-चार औषधं पाच-पाच वेळा लावत होती. व्हिटॅमिन सीचं सीरम तर चहासारखं तपकिरी झालं होतं. हवा आणि उजेड लागला की ते असं खराब होतं, आणि न्हाणीघराच्या दाराशी वडिलांनी ठोकून दिलेल्या फळीवर, गिझरच्या वाफेत, ते राहणार तरी कसं?

सहा दिवसांत काय कळतं?

"पण मॅडम, मी प्रत्येकाला वेळ दिला होता ना. आठवडा-आठवडा."

हे तिने मनापासून विचारलं होतं, आणि तिच्या सगळ्या गोंधळाचं मूळ तिथेच होतं. आज दिसणारी पुळी आज तयार झालेली नसते. छिद्रात बूच बसायला सुरुवात होते ती डोळ्यांना न दिसणाऱ्या आकारात, आणि ते फुगून वर यायला काही आठवडे जातात. ठाण्याच्या फलाटावर आत्ता लागलेली लोकल कर्जतहून तासाभरापूर्वीच निघालेली असते. आज कर्जतला गाड्या थांबवल्या तरी वाटेतल्या बदलापूर, अंबरनाथ, कल्याण करत येणारच. मुरुमांचं औषध कर्जतला काम करतं, म्हणजे नवीन बूच बसू देत नाही. त्याचा परिणाम ठाण्यात दिसायला सहा ते आठ आठवडे लागतात, पुरता दिसायला बारा.

आग मात्र तासाभरात होते, लाली दोन दिवसांत.

म्हणजे पहिल्या आठवड्यात कुठल्याही बाटलीबद्दल फक्त वाईट बातमीच कळू शकते, चांगली कळूच शकत नाही. सहा दिवसांनी "फरक नाही" असा निकाल देणारी व्यक्ती जगातलं सर्वोत्तम औषधही नापास करेल. आणि सहाव्या दिवशी दुसरी बाटली सुरू केली की वाईट बातमीसुद्धा कुणाची ते कळत नाही. गार्गी रसायनशास्त्राची विद्यार्थिनी. मी म्हटलं, "टायट्रेशन करताना ब्युरेटमधून तीन द्रावणं एकदम सोडलीस, तर वहीत काय लिहिशील?" ती पहिल्यांदा हसली, मग ओठाची कड ताणून झोंबली म्हणून थांबली.

पुढचं सांगणं सोपं होतं, ऐकणं अवघड. चार आठवडे सगळं बंद. रात्री बिनफेसाचा, बिनसुगंधाचा क्लेन्झर, सकाळी फक्त पाणी. ओलसर चेहऱ्यावर सेरामाइड असलेलं साधं मॉइश्चरायझर दिवसातून दोन-तीनदा. कोपऱ्यांवर जिथे साल निघते तिथे रात्री पेट्रोलियम जेलीचा पातळ हात. सनस्क्रीन पहिल्या आठवड्यात तेही झोंबेल, म्हणून तोवर छत्री, मग झिंक ऑक्साइडचं. फळीवर एवढंच, चार वस्तू. बाकी सगळ्या पिशवीत बांधून माळ्यावर. फेकायला सांगितलं असतं तर तिने फेकल्या नसत्या, हे मला अनुभवाने माहीत आहे.

आईने विचारलं, "डाळीचं पीठ चालेल का? आमच्याकडे साबणाआधी तेच." मी म्हटलं, सध्या तेही नको, कण घासले जातात.

आणि एक गोष्ट: दर रविवारी सकाळी दहाला, हॉलच्या त्याच खिडकीपाशी, एकच फोटो आणि एकच मोजणी. कपाळाचे दाणे वेगळे, हनुवटी आणि गालांचे वेगळे. आकडा भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या रविवारच्या चौकटीत. बाकी सहा दिवस फोनच्या पुढच्या कॅमेऱ्यात चेहरा बघायचा नाही. गार्गीने कबूल केलं की ठाण्याहून दादरपर्यंत ती तेच करते. डब्यातला ट्यूबलाइट डोक्यावरून पडतो, प्रत्येक उंचवट्याची सावली पडते, त्यात फोन नाकापासून वीतभर. तशा उजेडात माझाही चेहरा मला बघवत नाही.

कॅलेंडरवरचं "चुकले"

दोन आठवड्यांत पाणी झोंबायचं थांबलं. गालांची लाली निम्म्यावर आली. मग तिसऱ्या आठवड्यात हनुवटीवर एकदम पाच नवे, फुगलेले मुरुम आले. वाटेतल्या गाड्या. सॅलिसिलिक थोडंफार जे दाबून धरत होतं तेही बंद झालेलं. हे मी तिला आधी सांगितलं होतं, पण सांगणं वेगळं आणि मैत्रिणीच्या वाढदिवसाच्या आदल्या रात्री आरशात पाहणं वेगळं. तिने स्टुलावर चढून माळ्यावरची पिशवी काढली. सॅलिसिलिकचं सीरम पाच ठिकाणी टिपलं, आणि मग, तिच्याच शब्दांत, "हातासरशी" गालांवरही फिरवलं. सकाळी गाल पुन्हा टोमॅटोसारखे.

चौथ्या आठवड्याच्या भेटीत तिने मला कॅलेंडरचं पान फाडूनच आणून दाखवलं. त्या चौकटीत आकडा नव्हता, "चुकले" एवढं लिहिलं होतं. मला ते आवडलं. बहुतेक जण हे लपवतात आणि मग मी औषधाला दोष देत बसते. उपाय एकच होता, घड्याळ परत मागे. मुरुमांचं औषध या भेटीत सुरू करणार होते ते दिवाळीनंतरवर ढकललं.

दिवाळी म्हणजे उटणं. आजी नातीच्या अंगाला उटणं लावल्याशिवाय ऐकणार नव्हत्या आणि मीही नरकचतुर्दशीच्या अभ्यंगात नाक खुपसण्याइतकी शहाणी नाही. तडजोड झाली: मानेखाली उटणं, चेहऱ्याला नुसतं पाणी. आजींनी म्हणे कानामागे तरी एक बोट लावलंच.

दिवाळीनंतर कातडी शांत होती. त्या रविवारचा आकडा: कपाळ २२, हनुवटी आणि गाल १३. आता अ‍ॅडापालीन ०.१ टक्के जेल सुरू केली. हे डॉक्टरने लिहून द्यायचं औषध आहे, आणि गरोदरपणात टाळायचं. छिद्रात बूच बसण्याची क्रियाच ते मंदावतं. प्रमाण सगळ्या चेहऱ्याला मिळून वाटाण्याच्या दाण्याएवढं, पुळीवर टिपायचं नाही, सगळीकडे पातळ पसरायचं, कारण ते न दिसणाऱ्या बुचांसाठी आहे. आधी मॉइश्चरायझर, वीस मिनिटांनी जेल, आणि दर तिसऱ्या रात्री. दोन आठवडे काही झोंबलं नाही तर एक दिवसाआड. रोज लावायची घाई नाही. आणि दुसरं काहीही नवीन नाही, मी सांगेपर्यंत.

चार आठवड्यांनी कपाळ २४, हनुवटी १६. वाढलेच. औषध सुरू केल्यावर पहिला महिना असं होऊ शकतं, दबलेली बुचं लवकर वर येतात. पण "हे औषधाने वर आलेलं आहे" हे वाक्य सध्या वाटेल त्या बाटलीसाठी वापरलं जातं, म्हणून फरक सांगते. बुचं नेहमीच्याच जागी वर येतात आणि महिना-सव्वा महिन्यात ओसरायला लागतात. नव्या जागी लाली, आग, साल निघणं, हे वर येणं नव्हे, जळणं आहे. गार्गीचे सोळाही नेहमीच्या जागी होते. थांबलो.

अठरावी बाटली

आठव्या आठवड्याचा रविवार नाताळच्या सुमाराचा. हनुवटी आणि गाल १६ वरून ६. कपाळ मात्र २१.

हा आकडा मी तीन वेळा वाचला. एकच जेल, एकच वाटाणा, सगळीकडे सारखी पसरलेली. खालचा चेहरा निवळतो आणि कपाळ हलत नाही, तर कपाळाला असं काहीतरी मिळतंय जे हनुवटीला मिळत नाही. सतरा बाटल्या चालू असत्या तर हा फरक दिसलाच नसता. दिसला असता तरी त्यातून काही काढता आलं नसतं. आता चेहऱ्यावर येणाऱ्या वस्तूच चार होत्या आणि चारही सगळीकडे लागत होत्या.

कपाळाच्या वर काय असतं? केस. मी विचारलं, "डोक्याला तेल?"

"नाही लावत, मॅडम."

आईने तिच्याकडे पाहिलं. "शनिवारी आजी चंपी करते ती?"

"ते तर केसांना!"

शनिवारी रात्री आजी स्टीलच्या वाटीत खोबरेल कोमट करून मुरवत, वेणी घालून झोपवत, रविवारी दुपारी न्हाणं. कपाळावर बटा कापलेल्या, उशीच्या अभ्र्याला तेल, रात्रभर कपाळ त्यात. खोबरेल केसांना उत्तम, पण मुरुमांच्या प्रवृत्तीच्या कपाळावर ते छिद्रं बुजवतं. बारीक, एकसारखे, केसांच्या रेषेलगत दाटीने आलेले दाणे ही त्याची नेहमीची खूण. मी ती पहिल्या दिवशी पाहिली होती. सतरा बाटल्यांचा ढीग समोर असताना मला अठरावी विचारायचं सुचलं नाही, कारण ती पिशवीत नव्हती. ती स्वयंपाकघरात ओट्याखाली होती, आणि "चेहऱ्याला लावता ते आणा" असं मीच म्हटलं होतं. तेव्हापासून माझ्या केसपेपरवर केसांच्या तेलासाठी वेगळी ओळ छापलेली आहे.

दुसरी शक्यता मनात होती: घाम आणि दमट हवेत वाढणाऱ्या यीस्टने होणाऱ्या पुळ्याही कपाळावर अशाच एकसारख्या येतात. पण त्या खाजतात आणि त्यांच्यात बूच नसतं. गार्गीच्या दाण्यांत बूच होतं, खाज नव्हती. तरी त्या दिवशी तिची तयारी दोन्ही उपाय एकदम करायची होती. बुरशीवरचा शांपू आणि तेल बंद, दोन्ही. मी काही बोलायच्या आत तिनेच हात वर केला. "नको. मग कळणार नाही कशाने गेलं."

तेल बंद म्हणजे आजींना समजावणं आलं, आणि ते माझ्या फीमध्ये बसत नाही. गार्गीनेच मार्ग काढला. चंपी न्हाण्याच्या तासभर आधी, केसांच्या टोकांनाच, कपाळावर रुमाल बांधून. बटा वर पिनेने. उशीचा अभ्रा दर तीन दिवसांनी. अ‍ॅडापालीन तशीच, एक दिवसाआड. शांपू नाही, नवीन काही नाही.

सहा आठवड्यांनी, फेब्रुवारीच्या मध्यावर, कपाळ ८, हनुवटी आणि गाल ३. कॅलेंडर बदललं होतं. जुन्याची पानं तिने स्टेपल करून ठेवली आहेत.

पिशवी अजून माळ्यावर आहे. तिच्यातल्या उघडलेल्या डब्यांवर "१२ महिने" किंवा "६ महिने" अशी उघड्या झाकणाची खूण असते. उघडल्याची तारीख ऑर्डरींच्या यादीवरून निघते, म्हणून गार्गी मुदत संपेल तशी एकेक टाकते. चुलतबहिणीने दोन मागितल्या होत्या. उघडलेल्या वस्तू देऊ नकोस असं मी सांगितलं.

अशी चूक घरच्या घरी निस्तरता येते का, हे मला पुष्कळदा विचारलं जातं. नुसती आग आणि साल असेल तर सगळं बंद करून दोन आठवडे थांबून बघायला हरकत नाही. पापण्या किंवा ओठ सुजले, पाणी सुटलं, पू धरला, किंवा आधी कुठली स्टिरॉइडची ट्यूब लावलेली असेल, तर थांबू नये.

शेवटच्या भेटीत हनुवटीवर पाच-सहा तपकिरी डाग उरले होते. ते मुरुम नव्हेत, मुरुम होऊन गेल्याची रंगखूण. आपल्या वर्णाच्या कातडीवर त्या हमखास उरतात आणि स्वतःहून विरतात, उन्हापासून जपलं तर काही महिन्यांत, न जपलं तर फार रेंगाळतात. गार्गीने यावर काही लावायचं का असं विचारलं नाही. विचारलं ते वेगळंच.

"होळीला रंग खेळू का?"

"खेळ. चार रात्री आधी जेल बंद कर. खेळायच्या दिवशी सकाळी मॉइश्चरायझरचा जाड थर, वर सनस्क्रीन. रंग घासून काढायचा नाही, दोन दिवस राहिला तर राहू दे."

"आणि मग जेल?"

"झोंबत नसेल तर तीन-चार दिवसांनी. पुन्हा दर तिसऱ्या रात्रीपासून."

तिने पिशवीतून मार्चचं पान काढलं आणि माझ्याच टेबलावर चौकटी मोजत पेन्सिलीने खुणा करायला घेतल्या. आई म्हणाली, "अगं, घरी जाऊन कर, बाहेर लोक थांबलेत."